सरबताच्या बाटलीवरचे कोड कसे वाचायचे: २११ ला घाबरून २२४ घरी आणू नका

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतल्या पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दोन बाटल्या घेऊन वर आल्या. एक कोकम सिरप, दुसरी लिंबाचं स्क्वॅश. म्हणाल्या, "भावोजी, ग्रुपवर यादी आली होती, त्यात २११ म्हणजे विष असं लिहिलंय. म्हणून कोकम बंद केलं आणि ही रंग नसलेली बाटली आणली. पण चिनू हे प्यायला की खोकतो."

चिनू पहिलीत आहे आणि त्याला दम्याचा पंप आहे. मी लिंबाची बाटली उलटी केली. मागे लिहिलं होतं: 'प्रिझर्व्हेटिव्ह (आयएनएस २२४)'. आयएनएस म्हणजे अन्नात घातलेल्या पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. २११ हे बेंझोएट, २२४ हे सल्फाइट, दोन्ही सरबत टिकवणारे. वहिनींनी २११ टाळून २२४ आणलं होतं, आणि त्यांच्या घरात नेमकं तेच टाळायला हवं होतं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत फळप्रक्रियेच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढल्यामुळे माझ्याकडे अशा बाटल्या येत राहतात. चूक बहुतेकांची एकच असते. कोड वाचायचा, तो फोनवर शोधायचा आणि पहिली भीतीदायक ओळ खरी मानायची. त्याआधीच्या दोन-तीन पायऱ्या गाळल्या जातात. त्या क्रमाने घेऊ. उदाहरण सरबताचंच ठेवतो, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात मुलांच्या पोटात रोज जाणारी ही बाटली आहे.

## तयारी

दुकानात उभ्याने लेबल वाचू नका, अक्षरं मुंगीएवढी असतात. बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. बाटली गोल असल्यामुळे एका फोटोत पूर्ण यादी येत नाही, म्हणून दोन-तीन काढा. घटकांची यादी आणि 'कंटेन्स' किंवा 'अ‍ॅलर्जन' लिहिलेली ओळ, दोन्ही आल्या पाहिजेत. ही दुसरी ओळ बऱ्याचदा यादीखाली वेगळी असते आणि घाईत सुटते.

घरात पिणाऱ्या मुलाचं वजन कागदावर लिहून ठेवा. पुढे लागणार आहे. शिवाय घरात कुणाला दमा, वारंवार उठणारं पित्त किंवा दुसरी कुठली अ‍ॅलर्जी आहे का, तेही लिहा. कोड चांगला की वाईट हे बरेचदा बाटलीवर ठरत नाही, पिणारा कोण यावर ठरतं.

## टप्पा १: आधी पदार्थाचं खरं नाव शोधा

समोरच्या बाजूला संत्र्याचं चित्र आणि थेंब असतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. पदार्थाचं कायदेशीर नाव शोधा: स्क्वॅश, क्रश, फ्रूट सिरप, फ्रूट ड्रिंक की सिंथेटिक सिरप. अन्नसुरक्षा नियमांत या नावांना ठरलेला अर्थ आहे. स्क्वॅशमध्ये फळाचा भाग किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ४० टक्के लागतात. क्रशमध्ये साखरेचा हा आकडा ५५ आणि फ्रूट सिरपमध्ये ६५ टक्के. नावात 'सिंथेटिक' असेल तर फळाची अपेक्षाच ठेवू नका.

कोडच्या आधी नाव पाहण्याचं कारण असं, की साखर हीसुद्धा टिकवणारी वस्तू आहे. ६५ टक्के साखरेत बुरशी आणि यीस्टला मोकळं पाणी फारसं मिळत नाही, त्यामुळे असं सिरप कमी प्रिझर्व्हेटिव्हवरही टिकतं. ४० टक्क्यांच्या स्क्वॅशला मात्र मदत लागते. 'नो प्रिझर्व्हेटिव्ह' असं मोठ्या अक्षरात छापलेलं सिरप खोटं बोलत नसतं. त्याचं काम साखरेने केलेलं असतं, एवढंच. कोकणातलं आगळही असंच टिकतं, फक्त तिथे साखरेच्या जागी मीठ असतं.

तपासणी: यादीत पहिलं नाव साखर असेल तर फळाची टक्केवारी कुठे छापली आहे ते शोधा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिली तीन नावं हाच त्या बाटलीचा खरा परिचय.

## टप्पा २: कोडच्या आधीचा शब्द वाचा

आकडा एकटा कधीच येत नाही. त्याच्या आधी त्याचं काम लिहिलेलं असतं: प्रिझर्व्हेटिव्ह, कलर, अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर, स्टॅबिलायझर, अँटिऑक्सिडंट. तो शब्द आधी, आकडा नंतर. शेकड्यावरूनही साधारण अंदाज येतो. १०० ते १९९ रंग, २०० ते २९९ टिकवणारे, ३०० ते ३९९ मुख्यतः अँटिऑक्सिडंट आणि आंबटपणा राखणारे, ४०० ते ४९९ दाटपणा देणारे आणि मिसळून धरणारे. परदेशी पाकिटावर आयएनएसच्या जागी 'ई' असतो, आकडे बहुतेक तेच. आकडा मोठा म्हणजे धोका मोठा असा प्रकार नाही. ती फक्त क्रमवारी आहे.

इथे एक सापळा आहे. कंपनीला कोड किंवा पूर्ण नाव यांपैकी एक लिहायची मुभा असते. त्यामुळे 'आकडे नाहीत म्हणजे काही घातलेलं नाही' हा निष्कर्ष चुकतो. २२४ च्या जागी 'पोटॅशियम मेटाबायसल्फाइट' असं लिहिलेलं असू शकतं, २११ च्या जागी 'सोडियम बेंझोएट', ३३० च्या जागी नुसतं 'सायट्रिक अ‍ॅसिड'. सरबतापुरतं सांगायचं तर दोन शब्दांची ओळख ठेवली की काम भागतं. ज्यात 'सल्फाइट' आहे ते २२० ते २२८ चं कुटुंब, आणि ज्यात 'बेंझोएट' आहे ते २१० ते २१३ चं.

## टप्पा ३: हाच प्रिझर्व्हेटिव्ह का घातला, ते ओळखा

लिंबू, संत्रं, आंबा अशा पिवळट सरबतांत सहसा सल्फाइट असतं. कोकम, द्राक्ष, स्ट्रॉबेरी, जांभूळ अशा लाल-जांभळ्या सरबतांत बेंझोएट. यात मेहेरबानी कुणाचीच नाही. सल्फाइटमधून निघणारा सल्फर डायऑक्साइड फळाचा नैसर्गिक लाल रंग उडवतो. कोकमात २२४ घातलं तर ते फिकट पडतं, म्हणून कारखान्यात तिथे २११ वापरतात. पिवळ्या रसात उलट सल्फाइट फायद्याचं. रस तपकिरी होत नाही आणि यीस्टही आवरतं.

या माहितीचा घरी एक उपयोग होतो. सरबत लाल आहे, यादीत सल्फाइट आहे आणि तरी रंग भडक लाल आहे, तर तो रंग बहुधा फळाचा नाही. मग यादीत 'कलर' शब्द शोधा. १२२ किंवा १२४ सापडण्याची शक्यता बरीच.

दोन्ही प्रिझर्व्हेटिव्ह एकत्र दिसले तर दुप्पट मात्रा आहे असं समजू नका. नियम असा की मिसळून वापरायचे झाले तर प्रत्येकाची मुभा त्या प्रमाणात कमी होते. म्हणजे सल्फाइट अर्ध्या मुभेपर्यंत घातलं तर बेंझोएटही अर्ध्याच मुभेपर्यंत.

## टप्पा ४: मात्रेचा हिशोब करा

लेबलवर कोड असतो, मात्रा नसते. कोड वाचणारे इथे अडतात आणि घाबरतात. पण कायद्याची वरची मर्यादा धरून जास्तीत जास्त किती पोटात जाईल, हे काढता येतं. खरी मात्रा त्याच्याइतकी किंवा कमी.

स्क्वॅशसाठी मर्यादा अशी: एका किलोत सल्फर डायऑक्साइड ३५० मिलिग्रॅम, किंवा बेंझोएट ६०० मिलिग्रॅम. एका पेल्यात आपण साधारण ५० मिलिलिटर स्क्वॅश घेतो. स्क्वॅश पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून ते सुमारे ६० ग्रॅम धरा.

आता चिनूचा हिशोब. त्याचं वजन २० किलो.

बेंझोएट आधी. ६० ग्रॅम स्क्वॅशमध्ये जास्तीत जास्त ३६ मिलिग्रॅम. आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल अशी मात्रा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पूर्वी दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम ठरवली होती. २०२१ मध्ये ती २० पर्यंत वाढवली. युरोप ५ वरच आहे. आपण कडक आकडा घेऊ: २० किलोला रोज १०० मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेइतकं बेंझोएट असलेल्या स्क्वॅशचे दोन पेले सहज आत, तिसऱ्याला काठावर. शिवाय बेंझोएट अंगात साठत नाही. यकृत त्याचं हिप्युरिक अ‍ॅसिड करून काही तासांत लघवीवाटे बाहेर टाकतं.

आता सल्फाइट. ६० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त २१ मिलिग्रॅम. त्याच तज्ज्ञ समितीने याची रोजची मात्रा दर किलोमागे फक्त ०.७ मिलिग्रॅम ठरवली आहे. २० किलोला १४. म्हणजे मर्यादेइतकं सल्फाइट असलेला एकच पेला रोजच्या मात्रेच्या दीडपट होतो. अर्धंच घातलं असेल तर साडेदहा, म्हणजे एक पेला आत आणि दुसऱ्याला पार.

कागदावर हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर वहिनी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. यादीत लाल शाईने लिहिलेला २११ हिशोबात निवांत बसला होता, आणि ज्याचं नावही नव्हतं तो २२४ ओलांडत होता.

सावध: १४ ओलांडलं म्हणजे विषबाधा झाली असं नाही. रोजची मात्रा ही प्राण्यांवरच्या चाचणीत जिथे काही दिसलं नाही त्या मात्रेला साधारण शंभराने भागून काढतात, आणि ती आयुष्यभराच्या सरासरीची असते. वाढदिवसाला दोन पेले प्यायल्याने काही होत नाही. एप्रिल-मे दोन महिने रोज तीन पेले, वर खाऊत पिवळे बेदाणे आणि केशरी जर्दाळू, ही गोष्ट वेगळी. बेदाणे पिवळेधमक आणि जर्दाळू केशरी राहतात तेही सल्फाइटमुळेच. तपकिरी दिसणारे जर्दाळू बहुधा त्याशिवायचे असतात.

मोठ्या माणसाला हाच हिशोब लावा. ६० किलोला ४२ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेइतक्या स्क्वॅशचे दोन पेले. आजोबांना बहुधा चिंता नाही, नातवाला आहे. एकच बाटली, एकच कोड, उत्तर दोन.

## टप्पा ५: पिणारा कोण ते तपासा

दम्याच्या सगळ्या रुग्णांना सल्फाइट त्रास देतं असं नाही. पण काहींना देतं, विशेषतः ज्यांचा दमा आटोक्यात नाही त्यांना, आणि ते काही मिनिटांत दिसतं: खोकला, छाती घट्ट होणं, शिट्टीसारखा श्वास. ही भीती अवाजवी नाही. अशा प्रतिक्रियांमुळेच अमेरिकेत १९८६ मध्ये कच्च्या खायच्या भाज्या-फळांवर सल्फाइट वापरायला बंदी आली. आपल्याकडेही किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते अ‍ॅलर्जन म्हणून वेगळं सांगावं लागतं. तयारीत ती ओळ फोटोत घ्या म्हटलं होतं, ती यासाठी.

वास ही सल्फाइटची दुसरी खूण. नवी बाटली उघडून लगेच नाक जवळ नेलं तर काडी ओढल्यावर येतो तसा नाकात झोंबणारा वास येतो. प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं पहिल्याच दिवशी बाटलीत नाक घालून शिंकायची, तेव्हा आम्ही हसायचो. दमा असलेल्याने हा प्रयोग करायचा नाही. आणि पाजताना पेला भरून पाच-दहा मिनिटं उघडा ठेवला तर थोडा वायू उडतो, पण म्हणून बाटली सुरक्षित होत नाही. बराचसा सल्फाइट साखरेला आणि रसातल्या इतर घटकांना बांधलेला असतो आणि पोटात जाऊन सुटतो.

बेंझोएटचा त्रास होणारेही थोडे असतात, मुख्यतः ज्यांना महिनोन्‌महिने अंगावर पित्त उठतं ते. ज्यांना तसं होत नाही त्यांनी २११ पासून पळू नये.

तपासणी: मूल प्यायल्यावर खोकलं तर लगेच कोडवर ढकलू नका. गार पाणी, बर्फ आणि घाईने गिळलेला घोटही खोकला आणतात. खोकला त्या बाटलीने पुन्हा-पुन्हा येतो का आणि घरच्या लिंबाच्या सरबताने येत नाही का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. दम्याच्या मुलाला पुन्हा पाजून घरी खात्री करायची नाही.

## टप्पा ६: जोड्या पाहा

काही कोड एकटे निरुपद्रवी असतात आणि सोबत आल्यावर थोडे बदलतात. सरबतात अशी एक जोडी आहे: बेंझोएट (२११) आणि क जीवनसत्त्व (३००, अँटिऑक्सिडंट म्हणून). उष्णता आणि उजेडात या दोघांतून अगदी थोडं बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीन कर्करोगकारक आहे. हे खरं आहे, पण मात्रा सहसा फार लहान असते आणि साखर असलेल्या पेयात ही क्रिया मंदावते. बाटली फेकू नका. दोन्ही कोड एकाच यादीत असतील तर ती गॅलरीच्या उन्हात किंवा मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, इतकंच. दुकानाच्या बाहेर उन्हात रचलेल्या क्रेटमधली बाटलीही घेऊ नका.

दुसरी जोडी रंग आणि बेंझोएट. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये साउथॅम्प्टनच्या अभ्यासात मुलांना कृत्रिम रंगांची मिश्रणं आणि सोडियम बेंझोएट दिलं, तेव्हा काही मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. युरोपात त्यानंतर १०२, १०४, ११०, १२२, १२४ आणि १२९ या रंगांसोबत इशारा छापणं २०१० पासून सक्तीचं झालं. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण दिल्यामुळे नेमका कोणाचा हे सांगता आलं नाही. माझं मत विचाराल तर रंगाने सरबतात काहीच भर पडत नाही, तेव्हा दोन बाटल्यांत निवड असेल तर मी बिनरंगाची घेतो. पण रंग टाळण्याच्या नादात सल्फाइट घरी आणायचं नाही, हीच वहिनींची चूक झाली होती.

## ज्यांना घाबरायचं कारण नाही

३३० हे सायट्रिक अ‍ॅसिड. लिंबात असतं तेच. तरी प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप यादीत ते 'सर्वांत घातक' म्हणून येतं. अशा यादीचा एक जुना अवतार १९७६ पासून फ्रान्समध्ये फिरत होता. व्हिलज्युइफच्या कर्करोग रुग्णालयाच्या नावाने तो छापला होता आणि रुग्णालयाने तो आपला नसल्याचं सांगितलं. ३३० तिथे कसं शिरलं याबद्दल सांगितलं जातं ते असं: सायट्रिक अ‍ॅसिड शरीरातल्या 'क्रेब्स चक्रात' येतं, ते शास्त्रज्ञ क्रेब्स यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि जर्मनमध्ये 'क्रेब्स' म्हणजे कर्करोगही. पन्नास वर्षं होत आली, ती यादी भाषा बदलत फिरतेच आहे. ३३० ने दातांची झीज होते हे मात्र खरं. मुलाला दिवसभर घोट-घोट सरबत देऊ नका, एकदा काय ते द्या आणि वर साधं पाणी.

४४० पेक्टिन, फळाच्या सालीतून येतं. ४१५ झँथन गम, किण्वनातून बनतं. दोन्ही सरबताला गाळ बसू नये म्हणून असतात.

आणि ज्याला कोडच नाही ती गोष्ट राहते. त्याच ६० ग्रॅम स्क्वॅशमध्ये २४ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. यादीत पहिल्या नंबरवर लिहिलेली ही वस्तू कुणी फोनवर शोधत नाही.

## बाटली उघडल्यानंतर

प्रिझर्व्हेटिव्ह बाटली बंद असताना काम करतो. उघडल्यावर दर वेळी थोडा सल्फर डायऑक्साइड उडतो, आणि ओला चमचा किंवा तोंड लावलेला पेला आत गेला तर यीस्टही शिरतं. झाकण उघडताना 'फस्स' आवाज आला, कडेला बुडबुडे दिसले किंवा ताडीसारखा वास आला, तर बाटली गेली. 'प्रिझर्व्हेटिव्ह आहे, काही होत नाही' म्हणून ठेवू नका. 'उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा' ही ओळ असेल तर झाकणावर पेनाने तारीख टाका.

वहिनींनी लिंबाची बाटली आमच्याकडे सोडली, कारण आमच्या घरी दमा कुणाला नाही. चिनूसाठी कोकम सिरप परत आलं, पण आठवड्यातून दोनदा, आणि मधल्या दिवशी जांभळी नाक्यावरून आणलेल्या लिंबांचं ताजं सरबत. खोकल्याचं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी फाइलवर 'सल्फाइट' लिहून दिलं. आता वहिनी बेदाण्याचं पाकीटही उलटं करून पाहतात.